पान १ वरून पान ७ वर: जुन्या दैनिकाच्या पानाचं भाषांतर करताना बातम्यांचा क्रम

प्रश्न: दादरच्या एका ग्रंथालयात जुन्या मराठी दैनिकाच्या बांधीव फाइलमधून जानेवारी १९८२ मधल्या एका अंकाचं पान १ आणि पान ७ मोबाइलवर काढून आणलंय. गिरणी संपाच्या सुरुवातीचे दिवस आहेत, माझ्या काकांचं नाव आहे त्यात. परदेशातल्या भावंडांसाठी सगळं इंग्रजीत करायचंय. अ‍ॅपला फोटो दिला तर ते आडवं वाचत जातं आणि एका बातमीत दुसरी घुसते. स्वतः टाइप करायला बसले तर कुठला कॉलम कुठल्या बातमीचा तेच कळेना. पान ७ वर गेलेला भाग नेमका कुठे जोडायचा?

उत्तर: आधी बातम्या जोडून घ्या, मग टाइप करा आणि भाषांतर सगळ्यात शेवटी. हा क्रम इंग्रजीतून मराठीत येताना थोडा सैल चालतो, मराठीतून इंग्रजीत जाताना अजिबात चालत नाही. कारण मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. पान १ वर वाक्य अर्ध्यात तुटलं असेल तर कोण, कुठे, कशासाठी हे सगळं तुमच्या हातात असतं, पण ते झालं की झालं नाही, हे पान ७ वर असतं. इंग्रजी वाक्याला मात्र कर्त्यापाठोपाठ क्रियापद लागतं. मग माणूस अंदाजाने ते घालून मोकळा होतो आणि पुढचा भाग सापडला तरी मागे जाऊन दुरुस्त करत नाही. मी आधी मुंबईतल्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून पानं लावायचो, आता अनुवाद करतो. माझ्याकडे तपासायला आलेल्या अशा भाषांतरांत सगळ्यात महागात पडलेल्या चुका याच जागी सापडल्या आहेत.

सुरुवात फोटोपासून करू, कारण तुम्हाला बहुधा पुन्हा दादरला जावं लागेल. मोठ्या आकाराच्या दैनिकाचं पान साधारण ५५ सेंटिमीटर उंच आणि ३५ सेंटिमीटर रुंद असतं. मोबाइलचा फोटो १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे सुमारे ४००० × ३००० ठिपक्यांचा. अख्खं पान एका फोटोत बसवलं की एका सेंटिमीटरला ७३ ठिपके मिळतात, म्हणजे इंचाला १८५च्या आसपास. बातमीच्या बारीक टायपातल्या वेलांटीच्या रेघेला त्यातले दोनेक येतात. मथळे छान वाचता येतात, मजकूर मात्र अंदाजाने वाचावा लागतो. त्याऐवजी मोबाइल आडवा धरून पानाची फक्त रुंदी चौकटीत बसवली तर सेंटिमीटरला ११४, म्हणजे इंचाला २९०पर्यंत जाता येतं. अशा एका फोटोत पानाची २६ सेंटिमीटर उंची मावते. दोन फोटोंत पान पूर्ण मावायचं थोडक्यात राहून जातं, म्हणून तीन घ्या: वरचा, मधला, खालचा. प्रत्येक दोन फोटोंत चार-पाच ओळी सामाईक येऊ द्या, म्हणजे कुठून कुठे आलो ते कळतं. अख्ख्या पानाचा एक फोटोही हवाच. तो वाचायला नाही, नकाशा म्हणून. त्यात पानाच्या अगदी वरची तारीख आणि पान क्रमांकाची पट्टी आलीच पाहिजे. ती कापली गेली की आठवड्याभराने कुठला फोटो कुठल्या अंकाचा हे ठरवता येत नाही.

नकाशाचा फोटो ए-थ्री कागदावर छापून घ्या. झेरॉक्सच्या दुकानात सहज होतं. मग रंगीत पेनाने पानावरच्या बातम्यांना नावं द्या. मी अ, ब, क देतो. बातमीचा मजकूर जितक्या उभ्या तुकड्यांत मोडला असेल त्यांना अ१, अ२, अ३ असे आकडे. वहीत प्रत्येक तुकड्याचे पहिले तीन आणि शेवटचे तीन शब्द लिहायचे, बाकी काही नाही. अ१चा शेवट आणि अ२ची सुरुवात सलग वाचली की वाक्य पुढे जातं का, एवढंच बघायचं. कंटाळवाणं वाटेल, पण एका पानाला तास-दीड तास लागतो आणि पुढचे दोन दिवस वाचतात.

आता कॉलम. त्या काळातल्या पानाची मांडणी कशी असते ते एका नमुन्यावर दाखवतो. मांडणी नेहमीची आहे, त्यातली वाक्यं मी उदाहरणासाठी रचली आहेत, ती कुठल्या अंकात शोधू नका. तुमच्याच विषयाचं पान घेऊ. मुंबईतला गिरणी संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. आपला अंक २० तारखेचा धरू.

पान आठ कॉलमी. मुख्य बातमीचा मथळा पहिल्या पाच कॉलमांवर पसरलेला: ‘गिरण्या बंदच, बैठकीबद्दल अनिश्चितता’. ही अ. मथळ्याखाली डावीकडे कॉलम १ आणि २ एकत्र करून जरा मोठ्या टायपात सात-आठ ओळींचा इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात. उजवीकडे ३, ४, ५ वर फोटो. इंट्रो संपला की टाइप लहान होतो आणि मजकूर कॉलम १ मध्ये उतरतो. तो तळापर्यंत जातो, मग कॉलम २ मध्ये इंट्रोच्या खाली येतो. इथे नवखा माणूस हमखास अडखळतो. कॉलम २चा माथा कुठे? पानाच्या वर नाही, मथळ्याच्या खालीही नाही, इंट्रोच्या खाली. साधा नियम असा: बातमी पुढच्या कॉलममध्ये जाते तेव्हा ती स्वतःच्या मथळ्याच्या छपराखालच्या पहिल्या मोकळ्या जागेत जाते. त्या जागेत इंट्रो असेल तर त्याच्या खाली, फोटो असेल तर फोटोच्या आणि त्याच्या ओळीच्या खाली.

कॉलम २च्या मधोमध चारी बाजूंनी रेघ मारलेली चौकट आहे: ‘संपामागच्या मागण्या’. ती अ बातमीची सोबतीण असली तरी अ नव्हे, तिला वेगळं अक्षर द्या. कॉलमचा मजकूर चौकटीच्या वर थांबतो आणि खाली पुन्हा सुरू होतो. चौकटीच्या वरची शेवटची ओळ आणि खालची पहिली ओळ जुळते का बघा. बहुतेक वेळा जुळते. जुळली नाही तर पान लावणाऱ्याने चौकटीपाशीच मजकूर पुढच्या कॉलमला वळवला आहे, आणि चौकटीखाली दुसऱ्याच कशाचा तरी तुकडा आहे.

मग कॉलम ३, फोटोखाली. मग ४, फोटोखाली. कॉलम ५ फोटोखालीच आहे, मुख्य मथळ्याच्या छपराखालीही आहे, म्हणून तोही अ वाटतो. पण त्याच्या माथ्यावर ‘पाणीकपात सुरूच’ असा एक कॉलमी मथळा आहे आणि पहिली ओळ ‘मुंबई, दि. १९ : ’ अशी सुरू होते. ही ओळ, म्हणजे डेटलाइन, तुमची सगळ्यात भरवशाची खूण. बातमी सुरू होताना गाव आणि तारीख येते, बहुधा सोबत ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ किंवा वृत्तसंस्थेचं नाव. बातमीच्या पोटात ती येत नाही. कॉलमच्या माथ्यावर डेटलाइन नसेल आणि वाक्य मध्येच सुरू झालं असेल तर तो आधीच्या कशाचा तरी पुढचा भाग. डेटलाइन असेल तर नवी बातमी, मग मथळा कितीही बारीक असो. उलट जुन्या पानांत मजकुराच्या मध्ये ठळक अक्षरांत दोन-तीन शब्दांचे उपमथळे टाकत, डोळ्याला विसावा म्हणून. ते मथळ्यासारखे दिसतात, पण त्यांच्याखाली डेटलाइन नसते. तिथे बातमी तोडू नका.

उजवीकडे कॉलम ७-८ वर दोन कॉलमी मथळा: ‘लालबागला कामगारांची सभा’. ही ब. मजकूर ७ मध्ये वरून खाली येतो, मग ८ मध्ये. आठव्याच्या तळाशी, बारीक रेघेखाली, चार ओळींची लोकल उशिरा धावल्याची बातमी. ती फिलर, उरलेली जागा भरायला टाकलेली. तिचा वरच्या मजकुराशी काही संबंध नाही. कॉलमच्या तळातली असली चार ओळींची तुकडी नेहमी रेघेपासून मोजा. रेघ ओलांडली की दुसरी बातमी.

तुमच्या काकांचं नाव बहुधा अशा सभेच्याच बातमीत असेल, व्यासपीठावरच्या माणसांच्या यादीत. यादी दोन कॉलमांत तुटली असेल तर जास्त जपा. एका कॉलमच्या तळाशी नाव आणि दुसऱ्याच्या माथ्याशी आडनाव, असं होतं. चुकीचा कॉलम जोडला तर वाक्य शुद्ध राहतं आणि माणूस भलताच तयार होतो. व्याकरण तिथे मदतीला येत नाही, स्वल्पविराम मोजूनच खात्री करावी लागते.

जाता जाता, आडवं वाचणं प्रत्येक वर्तमानपत्रात चूक नसतं. १८३२ साली मुंबईत निघालेल्या ‘दर्पण’मध्ये इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारशेजारच्या दोन स्तंभांत असे. तिथे आडवी नजर टाकायला अर्थ होता. तुमच्या पानावर नाही.

आता पान ७. अ बातमी कॉलम ४च्या तळाशी अशी थांबते: ‘...मंत्रालयात होणाऱ्या बैठकीला कामगारांचे दोन प्रतिनिधी हजर राहणार’ आणि खाली उजवीकडे ठळक टायपात ‘पान ७ वर’. ब बातमी कॉलम ८ मध्ये फिलरच्या वर अशी थांबते: ‘...लालबागच्या सभेत जाहीर झालेली मोर्चाची वेळ बदलण्यात येणार’ आणि खाली पुन्हा ‘पान ७ वर’.

दोन्ही ठिकाणी वाक्य अगदी अशा जागी तुटलं आहे की हो की नाही ते कळत नाही. हा कुणाचा खोडसाळपणा नसतो. पान लावणारा जागा संपली की कापतो, वाक्य कुठे आलं ते बघत बसायला रात्री साडेबाराला कुणाला वेळ नसतो.

पान ७ वर ‘पान १ वरून’ अशी पट्टी आणि तिच्याखाली एकेक छोटा मथळा. आतल्या पानावर मूळ मथळा पुन्हा देत नाहीत, ओळखीपुरता एक-दोन शब्दांचा देतात. इथे दोन आहेत: ‘गिरणी संप’ आणि ‘गिरणी कामगार’. कुठला कुणाचा? ‘गिरणी संप’ म्हणजे मुख्य बातमी असणार, असं सहज वाटतं. त्याच्याखालचा मजकूर ‘आहे. नवी वेळ उद्या सकाळी गिरण्यांच्या फाटकांवर सांगितली जाईल’ असा सुरू होतो. ‘गिरणी कामगार’खाली ‘नाहीत, असे काल रात्री उशिरा सांगण्यात आले’.

आता जोडून बघा. ‘दोन प्रतिनिधी हजर राहणार आहे’ हे मराठी नाही. प्रतिनिधी दोन, क्रियापद एकवचनी, बसत नाही. ‘मोर्चाची वेळ बदलण्यात येणार नाहीत’ हेही नाही. अदलाबदल केली की दोन्ही वाक्यं खटकन बसतात: दोन प्रतिनिधी हजर राहणार नाहीत, मोर्चाची वेळ बदलण्यात येणार आहे. मथळा फसवत होता, वचनाने सोडवलं. मराठीत सांधा तपासायला ही फार चांगली सोय आहे. वचन, लिंग, आणि शब्दाचं सामान्यरूप. तुकडा ‘काढलेल्या’वर संपला असेल तर पुढे विभक्ती लागलेलं नाम हवं, ‘मोर्चात’, ‘मोर्चाला’ असं काहीतरी, किंवा मग स्त्रीलिंगी अनेकवचन. नुसता ‘मोर्चा’ चालणार नाही. इंग्रजी पानांवर काम करताना हा आधार इतका मिळत नाही, तिथे आशयावर जास्त विसंबावं लागतं.

पान ७ वर गेलेल्या दोन्ही शेपट्या दोन्ही बातम्यांना व्याकरणाने बसतात, असंही कधी होतं. मग पुढची दोन वाक्यं वाचा आणि पान १ वर आधीच ओळख झालेली नावं, ठिकाणं, पदं त्यात येतात का बघा. आतल्या भागात एखाद्याचा उल्लेख नुसत्या आडनावाने आला असेल तर त्याचं पूर्ण नाव पान १च्या भागात असायलाच हवं. नसेल तर शेपटी दुसऱ्या बातमीची.

‘पान ७ वर’, ‘पान १ वरून’ अशा ओळीवरच्या, म्हणजे जंप-लाइनवरच्या, आकड्यावरही आंधळा विश्वास नको. मळलेल्या छपाईत १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात. ‘पान ९ वरून’ असं वाचलंत आणि नवव्या पानावर काही सापडलं नाही तर ते ‘पान १ वरून’ असेल. आणि कधी आकडा स्पष्ट असतो आणि चुकीचाच असतो, कारण जाहिरात उशिरा आली, मजकूर पाचवरून सातवर हलवला आणि पहिल्या पानावरची ओळ बदलायची राहिली. म्हणून ग्रंथालयात गेलात तर त्या अंकाच्या सगळ्या आतल्या पानांवरच्या ‘पान १ वरून’ पट्ट्यांचे फोटो काढून आणा. दहा मिनिटांचं काम आहे.

आता तुमच्या फोटोंबद्दल मला खरी काळजी आहे ती बांधीव फाइलची. पान ७ विषम आहे, म्हणजे उघडलेल्या फाइलमध्ये उजवीकडे. त्याचा कॉलम १ शिवणीला चिकटलेला. सम पानांचा कॉलम ८ तसाच. शिवणीपाशी कागद वळून आत जातो आणि पान ७ च्या कॉलम १ मधल्या ओळींची पहिली एक-दोन अक्षरं सावलीत बुडतात. समजा आपला ‘गिरणी कामगार’ तुकडा त्याच कॉलममध्ये आहे. ‘नाहीत’मधला ‘ना’ शिवणीत गेला, फोटोत उरलं ‘हीत’. तिथे ‘आहेत’ असतं तर ‘आ’ जाऊन उरलं असतं ‘हेत’. म्हणजे कामगारांचे प्रतिनिधी बैठकीला जाणार की नाही, हे त्या फोटोत एका वेलांटीवर आणि एका मात्रेवर उभं आहे. अख्ख्या पानाच्या फोटोत वेलांटीला दोन ठिपके मिळतात हे मघाशी सांगितलं, ते यासाठी. मोबाइलमधली मजकूर ओळखणारी सोय अशा जागी बिनदिक्कत ‘आहेत’ लिहून मोकळी होते, कारण तो शब्द जास्त वेळा येतो. आणि वचनाची कसोटी इथे कामाची नाही, दोन्ही अनेकवचनीच.

अशा जागी पुढचा मजकूर बघायचा. पुढचं वाक्य ‘अटी मान्य झाल्याशिवाय चर्चा नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली’ असं असेल तर ‘नाहीत’ नक्की. पुढेही काही हाती लागत नसेल तर भाषांतरात तो शब्द अंदाजाने भरू नका. चौकोनी कंसात वाचता येत नसल्याची नोंद करा आणि पुन्हा फोटो काढा. काढताना शिवण दाबून सपाट करू नका. ४० हून जास्त वर्षांपूर्वीचा वर्तमानपत्राचा कागद ठिसूळ झालेला असतो, घडीवर तुटतो आणि ग्रंथालयाचे लोक पुढच्या वेळी फाइल हातात देत नाहीत. दुसऱ्या बाजूच्या पानांखाली एखादं जाड पुस्तक ठेवून ती बाजू उचला, म्हणजे तुमचं पान शिवणीपासून जरा उघडतं. मोबाइल वरून न धरता शिवणीच्या समोरून तिरका धरा आणि उजेड खिडकीचा घ्या, फ्लॅश नको. फक्त त्या एका कॉलमचा फोटो काढा, पानाचा नाही.

टायपिंगसाठी यंत्राची मदत घ्यायला हरकत नाही, पण त्याला पान देऊ नका, तुकडा द्या. तुम्ही ज्या तुकड्यांना आकडे दिलेत ते एकेक कापून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, कॉलमांमधली रेघ सोडून. मग आडवं वाचायला त्याला जागाच उरत नाही. संगणकावर टेसरॅक्ट हे फोटोतला मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर त्याच्या मराठी फाइलसकट असेल तर एका तुकड्याला:

```
tesseract a3.jpg a3 -l mar --psm 6
```

यातला `--psm 6` म्हणजे समोर मजकुराचा एकच सलग ठोकळा आहे असं त्याला सांगणं. तो दिला नाही तर ते स्वतःच कॉलम शोधू लागतं. नंतर निघालेला मजकूर मूळ फोटोशी ओळीला ओळ ताडून बघा. खिळ्यांच्या छपाईत अनुस्वार उडालेले असतात आणि रकार मातीत गेलेले असतात, ते यंत्राला दिसत नाहीत.

खिळ्यांचा विषय निघाला म्हणून एक. कॉलम बरोबर जोडला, तरी मध्येच दोन ओळी निरर्थक लागतात, असं कधीकधी आढळेल. तुमचा क्रम चुकला असं धरून सगळं उलगडायला बसू नका. दुरुस्ती करताना ओळ काढून परत घातली की ती वरखाली व्हायची. त्या दोन ओळींची जागा बदलून वाचा, वाक्य सरळ झालं तर चूक छापखान्याची. भाषांतर सरळ वाक्याचं करा आणि मूळ छापील क्रम वेगळा होता एवढी तळटीप द्या.

याहून अवघड प्रकार आवृत्तीचा. मुंबईच्या दैनिकांची बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती आधी निघायची, शहर आवृत्ती नंतर. रात्री उशिरा काही घडलं की पान १ नवं लावलं जाई, आतलं पान तसंच राही. त्यामुळे पान १ वरचा मजकूर नवा आणि पान ७ वरची शेपटी जुन्या मजकुराची, असं होऊ शकतं. मग सांध्यावर दोन ओळी दोनदा येतात, किंवा मधलं एक वाक्य कुठेच नसतं. दोनदा आल्या तर एकदाच भाषांतर करा आणि तशी नोंद ठेवा. वाक्य नसेलच तर तिथे मजकूर तुटल्याचं लिहा. जोडणारं वाक्य स्वतः रचू नका, ते कितीही उघड वाटलं तरी. दुसऱ्या ग्रंथालयात त्याच दिवसाची दुसरी आवृत्ती मिळाली तर तुकडा भरता येईल, पण तो दुसऱ्या आवृत्तीतून घेतला हे सांगून.

याच्याशी जोडलेलं म्हणजे ‘आज’ आणि ‘काल’. अंक २० तारखेचा, डेटलाइन १९ची. त्या बातमीतला ‘आज’ म्हणजे १९. पण आपल्या शेपटीत ‘काल रात्री उशिरा’ आहे. ते वाक्य बातमीदाराचं असेल तर १८ची रात्र, रात्रपाळीच्या उपसंपादकाने छपाईआधी वाचकाच्या दिवसावरून जोडलं असेल तर १९ची. पान १ च्या भागात ‘आज दुपारी’ बैठकीचं निमंत्रण आल्याचं म्हटलं असेल तर नकार आदल्या रात्री येऊ शकत नाही, म्हणजे १९. इंग्रजीत शब्द आहे तसा ठेवा, ‘काल रात्री’च, आणि तारखेबद्दल खात्री असेल तरच कंसात तारीख घाला. परदेशातल्या वाचकाला संप कुठल्या दिवशी सुरू झाला हे माहीत नसतं, त्याला कंसातली तारीख लागते.

एवढं झाल्यावर भाषांतर. आता तुमच्यासमोर अ अखंड आहे, ब अखंड आहे. पूर्ण वाक्य हातात आल्याशिवाय ते इंग्रजीत घेऊ नका. ‘पान ७ वर’ ही ओळ वाक्याच्या पोटात आणू नका, पण ती पुसूनही टाकू नका. वाक्य पूर्ण झाल्यावर, परिच्छेदाच्या शेवटी, चौकोनी कंसात पान १ कॉलम ४ इथून पान ७ कॉलम १ इथे बातमी गेली असं लिहा. इंग्रजी वाक्यात नकार आधी येतो, त्यामुळे पान ७ वरचा ‘नाहीत’ तुमच्या इंग्रजी वाक्याच्या पूर्वार्धात जाऊन बसेल आणि तुटण्याची मूळ जागा दाखवायला वाक्यात जागाच उरणार नाही. म्हणून नोंद शेवटी.

बातम्यांचा आपापसातला क्रम फारसा महत्त्वाचा नाही. मी मथळ्याच्या रुंदीने जातो: पाच कॉलमी, मग दोन कॉलमी, मग एक कॉलमी, चौकट जिच्यासोबत आहे तिच्यानंतर, फोटोची ओळ तिच्याही नंतर, फिलर शेवटी. जाहिरातींचं भाषांतर लोक सहसा सोडतात. तुम्ही सोडलंत तरी चालेल, मात्र पान ७ वर ‘गिरणी कामगार’चा मजकूर जाहिरातीला अडून कॉलम २ मध्ये गेला असेल, तर ती जाहिरात नकाशावर दाखवून ठेवा. भावंडांना भाषांतरासोबत तो आकडे घातलेला ए-थ्री कागदही स्कॅन करून पाठवा. मराठी वाचता न येणारालाही अ२ कुठे आहे ते बोट ठेवून बघता येतं, आणि काकांचं नाव मूळ पानावर नेमकं कुठे छापलंय हे विचारायला त्यांचा फोन येणारच आहे.